रिन्यूअल फेल झालं? आधी कारण बघ, मग रिट्राय

तुझं वेळापत्रक पाहिलं: ग्राहकाच्या वर्गणीचं ऑटो-डेबिट फेल झालं की सलग तीन दिवस रोज एक रिट्राय. सुरुवातीला मीही हेच केलं होतं.

समज, २९९ रुपयांचं रिन्यूअल २८ तारखेला शिल्लक कमी म्हणून फेल झालं. तू २९, ३०, ३१ला परत मारणार आणि सेवा बंद करणार. पगार मात्र १ तारखेला! त्यापेक्षा २ला एकदा, ७ला शेवटचं, आणि तोवर सेवा चालू ठेव.

आधी एवढं कर:

- फेल होण्याचं कारण वाच. खातं बंद किंवा मँडेट, म्हणजे ग्राहकाने दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी, रद्द असेल तर रिट्राय नकोच. पेमेंट लिंक पाठव.
- मँडेट नॅचवर, म्हणजे बँकांच्या ऑटो-डेबिट यंत्रणेवर, असेल तर हात आखडता घे. प्रत्येक बाउन्सला बँक बहुधा ग्राहकाकडून दंड घेते, कधी शेकड्यांत. तीन बाउन्स म्हणजे वर्गणीपेक्षा दंडच जास्त, आणि शिव्या तुला.
- पहिल्या फेलनंतर एकच मेसेज: रक्कम, पुढच्या प्रयत्नाची तारीख, लिंक.

वसुलीच्या आकड्याशेजारी रिट्रायनंतर किती जणांनी मँडेट रद्द केलं तेही लिहीत जा. तिसऱ्या प्रयत्नाला हा आकडा वसुलीच्या पुढे गेला, तर तो प्रयत्न काढून टाक.