रनमध्ये कोअर कमी भरला, तर हरवलेली लांबी लॉगमध्ये कुठे दाखवायची?

प्रश्न: मी कोअर लॉगिंग, म्हणजे ड्रिलने छिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाची नोंद करणे, नुकतेच शिकतो आहे. १२६ ते १२९ मीटरच्या रनमधून, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेतून, बॉक्समध्ये फक्त २.४० मीटर कोअर आला आहे आणि नेमकी त्यातच क्वार्ट्झची शीर आहे. खडक, ऑल्टरेशन आणि शीर किती मीटरपासून किती मीटरपर्यंत लिहू? सगळा कोअर ताणून ३ मीटर धरला तर चालेल का?

उत्तर:

ताणून धरू नका. रिकव्हरी, म्हणजे रनच्या लांबीपैकी हाती आलेला कोअर, ८० टक्के आहे याचा अर्थ प्रत्येक मीटरमधला पाचवा भाग गेला असा होत नाही. कठीण, सलग खडक बहुधा पूर्ण वर येतो आणि हरवतो तो मऊ किंवा भुगा झालेला भाग, त्यामुळे ६० सेंटिमीटरची तूट बहुतेक वेळा एकाच ठिकाणची असते आणि ते ठिकाण शोधणे हे लॉगिंग करणाऱ्याचे काम असते.

मात्र तूट खरी आहे का, हे आधी तपासावे. तुटलेला कोअर बॉक्सच्या खोबणीत पसरून पडतो आणि आहे त्यापेक्षा लांब दिसतो, म्हणून तुकडे एकत्र सरकवून, त्यांचा मूळ जाडीचा दंडगोल झाला असता तर तो किती लांब भरला असता, एवढीच लांबी मोजावी. त्यानंतर शेजारचे रन पाहावेत. कधीकधी कोअर तळाशी नीट तुटत नाही, त्याचा १०-१५ सेंटिमीटरचा खुंट छिद्रातच राहतो आणि पुढच्या रनबरोबर वर येतो. अशा वेळी आधीचा रन कमी आणि पुढचा १०० टक्क्यांहून जास्त भरतो. १०० टक्क्यांवरची रिकव्हरी दिसली की ती खोडून १०० लिहिण्याचा मोह होतो, पण ती खूण पुसली तर आधीच्या रनमधली खोटी तूट कायमची खरी होऊन बसते. १२९ ते १३२ चा रन बरोबर ३ मीटर भरत असेल, तर तुमची तूट खरी मानायला हरकत नाही.

आता ती कुठे आहे ते पाहू. सगळे तुकडे टोकाला टोक जुळवून मांडा. तुमच्या रनचा शेवटचा तुकडा आणि पुढच्या रनचा पहिला तुकडा एकमेकांत चपखल बसत असतील, तर तळाशी काहीही हरवलेले नाही. वरच्या टोकाचेही तसेच पाहा. आतल्या तुकड्यांत जिथे टोके जुळत नाहीत, गोलाकार झिजलेली आहेत किंवा त्यांवर चक्राकार ओरखडे आहेत, तिथे तुकडे बॅरलमध्ये एकमेकांवर फिरून घासले गेले आहेत आणि मधला खडक पीठ होऊन पाण्याबरोबर गेला आहे. ड्रिलरची नोंदवहीही मागून घ्या. बिट अचानक वेगाने खाली गेले किंवा परतीचे पाणी गढूळ झाले ती जागा त्याला ठाऊक असते, आणि तूट कुठे आहे हे त्याने बॉक्समध्ये खोली लिहिलेला वेगळा ब्लॉक ठेवून दाखवले असेल, तर त्या ब्लॉकला माझ्या अंदाजापेक्षा मी जास्त मान देतो.

तुमचा बॉक्स मी पाहिलेला नाही, म्हणून त्यातली मांडणी अशी आहे असे धरून चालतो: वर ०.९० मीटर सलग ग्रॅनोडायोराइट, मग ०.२५ मीटर क्वार्ट्झ-पायराइटची शीर, मग चिकणमातीत रुतलेले ०.३० मीटर तुकडे, आणि खाली ०.९५ मीटर पुन्हा सलग ग्रॅनोडायोराइट. बेरीज २.४० होते. दोन्ही टोके शेजारच्या रनशी जुळतात आणि झिजलेले तुकडे फक्त चिकणमातीच्या पट्ट्यात आहेत. तेव्हा वरचा सलग भाग वरच्या ब्लॉकपासून खाली मोजायचा आणि खालचा सलग भाग खालच्या ब्लॉकपासून वर मोजायचा. ग्रॅनोडायोराइट १२६.०० ते १२६.९० आणि शीर १२६.९० ते १२७.१५ अशी येते. खालचा सलग खडक १२८.०५ ते १२९.०० मध्ये बसतो. मधला १२७.१५ ते १२८.०५ हा ०.९० मीटरचा भाग तुटका पट्टा ठरतो, ज्यातला ०.३० मीटरच हाती आहे, म्हणजे त्याची रिकव्हरी ३३ टक्के.

सगळे ताणले असते, तर २५ सेंटिमीटरची शीर ३१ सेंटिमीटरची झाली असती आणि तीन मीटरभर ८० टक्के रिकव्हरी लिहून ३३ टक्क्यांचा पट्टा झाकला गेला असता. तूट रनच्या शेवटी ढकलली असती, तर खालच्या खडकाची सीमा १२८.०५ ऐवजी १२७.४५ वर चढली असती. ही दुसरी चूक मी स्वतः सुरुवातीला केली होती. शेजारच्या छिद्राशी जोडलेल्या छेदात एक सरळ शीर मध्येच वाकलेली दिसली, आणि तिथे भ्रंश असावा असे मी दोन दिवस मानत होतो.

खडक, ऑल्टरेशन आणि शिरा यांच्या सीमा एकाच ठिकाणी आणण्याचा आग्रह धरू नका. त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. कोअर ओला करून भिंगातून पाहिलात, तर शिरेच्या वर २० सेंटिमीटरपासूनच प्लेजिओक्लेजचे स्फटिक पांढरट-हिरवट, मऊ सेरिसाइट झालेले आणि बायोटाइटचे काळे पापुद्रे क्लोराइटमुळे हिरवे पडलेले दिसू शकतील. मग ऑल्टरेशनची ओळ १२६.७० ला सुरू होते, पण खडकाची ओळ ग्रॅनोडायोराइटचीच राहते, कारण मूळ पोत अजून ओळखू येतो. ऑल्टरेशनला मोठे नाव देण्याआधी कोणते खनिज कोणत्या खनिजाच्या जागी आले, किती तीव्रतेने, आणि ते सगळ्या खडकात आहे की शिरेच्या कडेलाच, हे लिहा. नाव पुढे बदलता येते, निरीक्षण मात्र कोअर कापल्यावर पुन्हा तसे मिळत नाही. चिकणमाती भ्रंशात खडक दळून झाली की ऑल्टरेशनमधून, हे ठरत नसेल तर फक्त 'चिकणमाती' लिहा. न मिळालेल्या ६० सेंटिमीटरला ना खडकाचे नाव द्या ना शिरेचे; तिथे 'कोअर मिळाला नाही' एवढेच असावे.

शिरेची २५ सेंटिमीटर ही लांबी कोअरच्या अक्षावरची आहे. शिरेचा पृष्ठभाग अक्षाशी जो कोन करतो तो मोजा. तो ३० अंश असेल, तर खरी जाडी २५ गुणिले साइन ३०, म्हणजे १२.५ सेंटिमीटर. तिला दुसरी बारीक शीर छेदत असेल, तर कोण कोणाला छेदते तेही टिपा, कारण शिरांचा क्रम त्यावरूनच लागतो.

नमुने घेताना तुटका पट्टा शिरेत किंवा सलग खडकात मिसळू नका, १२७.१५ ते १२८.०५ चा नमुना वेगळा ठेवा. ३३ टक्के रिकव्हरीच्या नमुन्यात जे उरले ते निवडून उरलेले असते: चिकणमाती आणि मऊ सल्फाइडे धुऊन जातात, क्वार्ट्झचे कठीण तुकडे राहतात. धातू क्वार्ट्झमध्ये असेल तर निकाल फुगतो, मऊ भागात असेल तर घटतो, आणि यांतले काय झाले हे त्या एका नमुन्यावरून कळत नाही. म्हणून त्या नमुन्याच्या ओळीत ३३ हा आकडा लिहाच, आणि सरासरी काढणाऱ्याने त्याच्याकडे काणाडोळा करू नये यासाठी शेऱ्यातही तो पुन्हा लिहा.