समोरच्या कंपनीच्या रिक्रूटरला पहिलं उत्तर

तू बडोद्याच्या मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या विक्रीत आहेस आणि बोलावणं आलंय थेट प्रतिस्पर्ध्याकडून. उत्तर जरूर दे, पण खासगी मेलवरून आणि स्वतःच्या फोनवरून. ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवलेला बायोडेटा कंपनीच्या सर्व्हरवर राहू शकतो. नवी मुलं इथंच चुकतात.

पहिल्या खेपेला एवढंच लिही: "धन्यवाद. पद, ठिकाण आणि पगाराचा अंदाज कळवा. मला विचारल्याशिवाय बायोडेटा कुणाकडे पाठवू नका."

मग नेमणूकपत्र काढून वाच. 'सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' हे कलम दिसलं की पुष्कळजण घाबरून नकार कळवतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी साधारणपणे कोर्टात टिकत नाही. गोपनीयतेचं बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहतं, आणि नोटीस पिरियड नेमणूकपत्रात असेल तसा पाळावा लागतो.

खरा पाय घसरतो तो फोनवर. "कोणते ग्राहक सांभाळता, भाव काय देता?" असं गप्पांच्या ओघात विचारतात. मी एकदा चालू निविदेचा दर बोलून गेलो होतो; त्याची टोचणी अजून आहे. तू म्हण, "सरकारी वीज कंपन्यांच्या निविदा बघते, गेल्या वर्षी उद्दिष्ट पूर्ण केलं. नावं आणि दर सांगू शकत नाही." तरीही कुणी खोदत राहिलं, तर त्यांना माणूस हवाय की माहिती, ते तुला तिथंच कळेल.