शाळेच्या गरजांचं सर्वेक्षण: कुणाला विचारायचं आणि क्रम कसा लावायचा?

प्रश्न: आमच्या शाळेत ६०० विद्यार्थी आहेत. पालकांच्या गटात ऑनलाइन फॉर्म टाकला, १३० जणांनी भरला. ‘सर्वात गरजेचं काय?’ यात मैदान पहिलं आलं. एवढ्यावर यादी करावी का?

उत्तर: अजून करू नका. १३० हा आकडा कमी नाही, पण ते १३० आपणहून पुढे आलेले आहेत. ज्यांच्याकडे फोन, वेळ आणि लिहिण्याची सवय आहे, तेच असा फॉर्म भरतात. त्याच पद्धतीने ३०० उत्तरं गोळा केलीत तरी हा कल तसाच राहील.

आधी पटावरून विद्यार्थ्यांचे गट पाडा: इयत्ता, मुलगे-मुली, लांबून येणारे, अपंगत्व असलेले. मग प्रत्येक गटाच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा. शिक्षकांना ‘तुम्हीच दहा मुलं निवडा’ असं सांगितलं, तर नीट बोलणारी मुलंच समोर येतात.

लहान गटांकडे विशेष लक्ष द्या. समजा, १२० जणांना विचारायचं आहे आणि ६० मुलं लांबून येतात. प्रमाणात घेतलं तर त्यांच्यातले फक्त १२ येतील. एवढ्यांवरून काही ठरवता येत नाही. म्हणून त्यांच्यातले ३० घ्या. अपंगत्व असलेले विद्यार्थी १५ असतील तर सगळ्यांनाच विचारा. मात्र पूर्ण शाळेची सरासरी काढताना प्रत्येक गटाला पटातल्या वाट्याइतकंच वजन द्या, म्हणजे लांबून येणाऱ्यांना १० टक्केच. हे विसरलात तर लहान गटाचं म्हणणं सगळ्या शाळेचं म्हणून छापलं जाईल.

तुमची १३० उत्तरं टाकून देऊ नका. फॉर्म न भरलेल्या पालकांपैकी १५ जण चिठ्ठीनेच निवडा, त्यांना फोन करा आणि फॉर्ममधले मुख्य तीन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं फॉर्मपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या दिशेला गेली, तर फॉर्मचा निकाल सगळ्या पालकांना लागू करता येणार नाही.

आता क्रम. ‘सर्वात गरजेचं काय?’ या प्रश्नाला पटकन डोळ्यांसमोर येणारं उत्तर मिळतं, आणि मैदान रोज दिसतं. शिवाय मैदान किंवा संगणक कक्ष हे उपाय आहेत. ‘संगणक कक्ष हवा का?’ म्हटलं की नको कोण म्हणेल? त्याऐवजी ‘गृहपाठाला संगणक लागतो तेव्हा मिळतो का?’ असं विचारा.

प्रत्येक मुद्द्यावर दोन प्रश्न हवेत: हे किती महत्त्वाचं आहे, आणि सध्या कितपत नीट मिळतं? दोन्हींना १ ते ५ गुण. मग महत्त्वातून सद्यस्थिती वजा करा आणि त्या तफावतीला महत्त्वाच्या सरासरीने गुणा. शिक्षण-संशोधक गॅरी बोरिच यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत साध्या स्प्रेडशीटवर होते. गुणायचं कारण असं, की तफावत सारखीच असेल तर जास्त महत्त्वाची गोष्ट वर यायला हवी.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मैदान: महत्त्व ४.१, सद्यस्थिती ३.५, गुण २.४६. गणितात जादा मदत: ४.५ आणि २.७, गुण ८.१०. स्वच्छतागृह: ४.८ आणि ३.४, गुण ६.७२. म्हणजे गणित पहिलं, आणि मैदान तिघांत शेवटचं.

पण इथे थांबलात तर मोठी चूक होईल. याच शाळेत निम्म्या मुली आहेत असं धरा आणि स्वच्छतागृहाचे आकडे वेगळे करा. मुलग्यांचं महत्त्व ४.७, सद्यस्थिती ४.२, म्हणून गुण २.३५. मुलींचं ४.९ आणि २.६, म्हणून ११.२७. एकत्र सरासरीने मुलींची तातडीची गरज मुलग्यांच्या समाधानाखाली झाकली गेली होती. म्हणून प्रत्येक गटाची यादी स्वतंत्र काढा, आणि कुठल्याही गटात पहिली आलेली गरज अंतिम यादीत घ्याच, एकूण क्रम काहीही असो. (पाच-सहा जणांच्या गटाचे आकडे जाहीर करू नका, कोण काय बोललं ते ओळखू येतं.)

गुणांतल्या किरकोळ फरकाला क्रम मानू नका. ६.७ आणि ६.४ यांत एवढ्या उत्तरांवरून वरखाली ठरत नाही, त्यांना एकाच टप्प्यात ठेवा. खर्च, जागा, किती दिवसांत होईल हे सर्वेक्षणात घालू नका. पालकांना खर्च ठाऊक नसतो, आणि ‘हे होणारच नाही’ असं वाटलं की ते महत्त्वाला गुणच कमी देतात. तो हिशेब समितीने नंतर, वेगळ्या रकान्यात करावा. जी गरज वर असूनही पुढे ढकलली जाईल, तिच्यासमोर कारण लिहा आणि तो तक्ता उत्तरं देणाऱ्यांना दाखवा.