समूह आरोग्य विम्याचे कोटेशन: ब्रोकरला काय कळवावे?

प्रश्न: आमच्याकडे ४२ कर्मचारी आहेत. ब्रोकरला एकूण संख्या आणि सरासरी वय कळवले तर पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही. केवळ सरासरीवर मिळालेला दर अंदाजापुरता असतो आणि प्रत्यक्ष यादी हाती पडताच तो बदलू शकतो. सगळे पस्तिशीचे असलेला गट आणि निम्मे २५ व निम्मे ४५ वर्षांचे असलेला गट, या दोन्हींची सरासरी ३५च येते; अपेक्षित दावे मात्र सारखे नसतात. म्हणून प्रत्येकाची जन्मतारीख, लिंग आणि नाते दाखवणारी यादी द्यावी. नावांऐवजी क्रमांक चालतात. जोडीदार व मुले धरून तुमचे ४२ कर्मचारी सहज शंभराच्या वर जातात, आणि आईवडील घेतल्यास वयाचे चित्रच पालटते, त्यामुळे त्यांच्यासह आणि त्यांच्याविना असे दोन दर स्वतंत्र मागावेत.

लाभ मात्र सर्व विमा कंपन्यांसाठी एकच ठेवावेत: विमा रक्कम, प्रसूती, पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, खोलीभाड्याची मर्यादा आणि कर्मचाऱ्याने सोसायचा हिस्सा. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा शेवटच्या दोन अटीच कडक केलेल्या आढळतात. आधीची पॉलिसी असल्यास दाव्यांचा तपशीलही सोबत जोडावा.