८ संघ, २ मैदानं, फक्त शनिवार-रविवार. राउंड रॉबिनचं वेळापत्रक कसं लावू म्हणजे भांडणं होणार नाहीत?

दोन मैदानांवर सकाळी साडेसात आणि दुपारी साडेबारा असे वीस षटकांचे चार सामने एका दिवसात बसतात, म्हणजे एका रविवारी एक अख्खी फेरी. सात रविवारांत २८ सामने संपतात. शनिवार राखून ठेवा, पुढे ढकललेल्या सामन्यांसाठी.

भांडण कोण कोणाशी खेळणार यावरून होतच नाही. होतं ते चांगल्या मैदानावरची सकाळ कोणाला, यावरून. ऐरोलीच्या आमच्या स्पर्धेत आयोजकांचा स्वतःचा संघ दर रविवारी सकाळी, नीट रोलर फिरलेल्या विकेटवर खेळायचा. ती वेळ आम्हाला अख्ख्या साखळीत एकदाच मिळाली. मी विचारलं तर उत्तर आलं, "चिठ्ठ्या टाकल्यात, नशीब तुमचं." नशीब कसलं! कागद घेऊन बसा, लगेच दिसेल.

वर १ २ ३ ४ लिहा, त्यांच्याखाली ८ ७ ६ ५. वरचा खालच्याशी खेळतो. पुढच्या फेरीला १ जागेवर ठेवून बाकीचे सगळे घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवा: १-७, ८-६, २-५, ३-४. असं सात वेळा केलं की प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो. पण १ कधी हलतच नाही. पहिला रकाना म्हणजे चांगल्या मैदानावरची सकाळ, असं एकदा ठरवून टाकलं की १ नंबरला ती सातही वेळा मिळते आणि इतरांना एकेकदा. चिठ्ठीत १ नंबर कोणाला आला, एवढंच नशीब. बाकी सगळं वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात होतं.

उपाय सोपा आहे. जोड्या तशाच ठेवा, फक्त १ नंबरची लढत बाकीच्यांपैकी एका रकान्यातल्या लढतीशी अदलाबदल करा. पहिली फेरी आहे तशी. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या रकान्याशी, तिसरीत चौथ्याशी, चौथी आणि पाचवीत दुसऱ्याशी, सहावीत चौथ्याशी, सातवीत तिसऱ्याशी. आता कुठल्याही संघाला एकाच मैदानावरची एकच वेळ दोनपेक्षा जास्त वेळा येत नाही. मी प्रत्येक संघाची बेरीज करून पाहिली आहे. तुम्हीही करा आणि तोच तक्ता चिठ्ठ्या टाकायच्या आधी सगळ्या कर्णधारांना पाठवा. नंतर पाठवलात तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आयोजकांचा संघ खेळत असेल तर चिठ्ठी दुसऱ्या संघाच्या कर्णधाराने उचलावी, यावर मी अजिबात मागे हटणार नाही.

सातच संघ आले तर ८ म्हणजे सुट्टी धरा, प्रत्येकाला एकेक रविवार विश्रांती मिळेल. आणि राखीव शनिवारी खेळवलेला सामना त्याच मैदानावर, त्याच वेळेला ठेवा, नाहीतर वरची सगळी बेरीज बिघडते.