साइट दोन यूटीएम झोनमध्ये आलीये, कुठला झोन घेऊ?

प्रश्न: साइट 78° रेखांशाच्या दोन्ही बाजूला आहे, लॉगरचे अर्धे पॉइंट्स झोन 43 मध्ये, अर्धे 44 मध्ये. मॅपवर दोन तुकडे लांब लांब दिसतात. काय करू?

उत्तर: जिकडे साइटचा जास्त भाग आहे तो एकच झोन घ्या आणि सगळे पॉइंट्स त्यातच कन्व्हर्ट करा, अगदी हद्दीपलीकडचे सुद्धा, झोनची रेषा म्हणजे काही भिंत नाही. तुकडे लांब दिसतात कारण 78.05° पू., 20.10° उ. हा एकच पॉइंट 43 मध्ये ईस्टिंग साधारण 8,19,000 देतो आणि 44 मध्ये 1,91,500. म्हणजे दोन झोनचे आकडे एका फाइलमध्ये मिसळले की तीच जागा सव्वासहाशे किमी सरकते.

लॉगरवर यूटीएम लावूच नका, तो आपोआप झोन बदलतो आणि एक्स्पोर्टमध्ये झोनचा कॉलम राहून गेला की शोधत बसा. डेसिमल डिग्रीत घ्या, मग

```
ogr2ogr -s_srs EPSG:4326 -t_srs EPSG:32643 out.gpkg log.gpx track_points
```

(दक्षिण गोलार्धात 327 ने सुरू होणारा कोड.) यूटीएममध्येच आलेला डेटा असेल तर आधी प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्या झोनमधून 4326 ला आणा. नुसतं लेयरचं सीआरएस बदललं की फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात, इथेच बहुतेक जण फसतात.

एकच झोन घेण्याची किंमत काय? 20° अक्षांशाला हद्दीवर ग्रिडचं अंतर किलोमीटरमागे साधारण 0.8 मीटर जास्त येतं, 15 किमी पलीकडे 0.94. साध्या लॉगरला चालतं, टोटल स्टेशनशी जुळवायचं असेल तर साइटच्या मधोमध मध्य रेखांश ठेवून स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर बनवा.