बॅच किती नगांची घ्यावी?

प्रश्न: आम्ही ईओक्यूच्या, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाच्या ऑर्डरच्या, सूत्रानेच लॉट ठरवतो. पण माल विकत घेत नाही, आमच्याच मशीनवर बनवतो. तेच सूत्र चालेल का?

तसंच्या तसं नाही चालणार. विकतचा माल एकदम येतो, त्यामुळे रॅकवर अख्खा लॉट चढतो. तुमच्याकडे नग बनत असतानाच वापरलेही जातात, म्हणून साठा लॉटच्या आकड्यापर्यंत कधी पोचतच नाही. यासाठी ईपीक्यूचं, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाच्या उत्पादन-बॅचचं, सूत्र आहे:

Q = √(2DS / (H(1 − d/p)))

D म्हणजे वर्षाची मागणी, S एका सेटिंगचा खर्च, H एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, d रोजचा वापर आणि p रोजचं उत्पादन.

समजा, वर्षाला 24,000 नग लागतात आणि कामाचे दिवस 240 आहेत, म्हणजे रोज 100. मशीन रोज 400 काढतं. सेटिंगचा खर्च H च्या 90 पट धरू. ईओक्यूने लॉट येतो 2,078, ईपीक्यूने 2,400. ही बॅच 6 दिवस चालते, तेवढ्यात 600 नग वापरले जातात आणि साठा जास्तीत जास्त 1,800 वर जातो.

खर्चातला फरक मात्र जेमतेम एक टक्का आहे, तेव्हा इथे 2,300 घेतले काय नि 2,500 काय, काही बिघडत नाही. पण मशीन रोज 125 च काढत असेल, तर योग्य बॅच 4,648 ची होते. तिथे 2,078 वर अडून बसलात तर सेटिंग आणि साठा मिळून खर्च सुमारे 34 टक्के जास्त पडतो. p जितका d च्या जवळ, तितकं हे सूत्र महत्त्वाचं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. बनलेले नग लगेच पुढे जातात, असं हे सूत्र गृहीत धरतं. तुमची पूर्ण बॅच तपासणीसाठी किंवा हीट ट्रीटमेंटसाठी थांबत असेल, तर बनत असतानाचा साठाही तुमच्याच माथी. मग वजाच्या जागी अधिक येतं, 1 + d/p, आणि तेच आकडे घालून उत्तर 1,859 येतं. आकडे तेच असताना 2,400 आणि 1,859 एवढा फरक! म्हणून सूत्राला हात लावण्याआधी मशीनपाशी उभं राहून पाहा, पहिला नग असेंब्लीला कधी पोचतो.

आणि p मशीनच्या पाटीवरून घेऊ नका. रिजेक्शन आणि बंद वेळ वजा करून रोज हाती येणारे चांगले नग धरा. 2,400 ची बॅच 6 ऐवजी 8 दिवसांनी संपली आणि साठा 1,800 ऐवजी 1,600 नेच वाढला, तर तुमचा खरा p 300 आहे. त्यावर बॅच 2,546 येते.

एकाच मशीनवर पाच-सहा प्रकारचे नग निघत असतील, तर प्रत्येकाची बॅच अशी सुटी काढून भागत नाही, कारण त्यांच्या पाळ्या एकमेकांवर आदळतात. तेव्हा सगळ्यांचं मिळून एकच चक्र बसवावं लागतं.